राजीनामा टाकण्याआधी कॅलेंडर बघा: कंपनीकडचा कुठला पैसा तुमचा झालाय, कुठला अजून नाही

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि जे एसटीत बसून नुसतं वाचतात, त्यांच्यासाठी हा भाग इथं लिहून ठेवतोय. बोलताना जसं बोललो तसंच आहे, थोडं साफ केलंय इतकंच.

जानेवारीत परंड्याला गावी गेलो होतो. तिथं माझा शाळेतला मित्र भेटला. त्याला आपण भावड्या म्हणू. चाकणला एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे, आठवड्याला सहा दिवस काम. त्याला दुसरीकडं नोकरी लागली होती, महिन्याला 15,000 जास्त. राजीनामा मेल करून मोकळा झाला होता. चहा पिताना मला म्हणाला, "अरे, पीएफ तर आहेच, वरून ग्रॅच्युइटीचे लाखभर येतील. ऑफर लेटरमध्येच लिहिलंय, महिन्याला 1,923."

मी विचारलं, "तू जॉईन कधी झालास?"

"2 ऑगस्ट 2021."

"आणि शेवटचा दिवस?"

"20 मार्च. साठ दिवसांची नोटीस आहे."

मी मोबाईलवर दिवस मोजले आणि म्हणालो, "भावड्या, हे लाखभर तुला मिळणार नाहीत. नऊ दिवस कमी पडतायत."

आजचा भाग त्या नऊ दिवसांचा आहे.

आधी शब्द समजून घेऊ. व्हेस्टिंग म्हणजे हक्क पक्का होणं. कंपनी तुमच्या म्हातारपणासाठी काही पैसे बाजूला काढते किंवा काढते असं सांगते. त्यातला कुठला पैसा आजच तुमचा आहे, कंपनी सोडली तरी कुणी काढून घेऊ शकत नाही, तो व्हेस्टेड. आणि ज्यासाठी अमुक वर्षं थांबायची अट आहे आणि ती अजून पुरी झालेली नाही, तो अनव्हेस्टेड.

आपल्याकडं ही गोष्ट नवी नाही. माझे आजोबा सांगायचे, सालगडी पाडव्याला ठरायचा, पाडवा ते पाडवा. वर्ष पुरं केलं तर ठरलेलं सगळं, कपडालत्त्यासकट. मधेच काम सोडलं तर केलेल्या दिवसांचा हिशोब व्हायचा, पण वर्षाअखेरचं जे असायचं ते गेलं. कुणी चोरलं नाही. ते त्याचं अजून झालंच नव्हतं.

आता आपल्या पगाराच्या कागदावर या. साधारण खाजगी नोकरीत निवृत्तीचे तीन पैसे असतात: पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी. आपण तिघांना एकाच पिशवीत टाकतो. खरं तर तिघांची घड्याळं वेगळी आहेत.

पहिला पीएफ. तुमच्या पगारातून 12 टक्के जातात आणि कंपनीही 12 टक्के घालते. इथं घड्याळच नाही. तुम्ही एक महिना काम करून सोडलं तरी तुमचाही हिस्सा तुमचा आणि कंपनीने पीएफमध्ये घातलेला हिस्साही तुमचाच. योजना 1952 साली सुरू झाली, तेव्हा असं नव्हतं. लवकर सोडणाऱ्याच्या कंपनी-हिश्श्यातून काही भाग कापला जायचा आणि तो एका वेगळ्या जप्ती खात्यात जायचा. ते आता नाही. तरी आजही पोरं घाबरतात की पाच वर्षं झाली नाहीत म्हणून कंपनीचा हिस्सा बुडेल. बुडत नाही. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागू शकतो, ती गोष्ट वेगळी. कर लागणं आणि हक्क नसणं यात गल्लत करू नका. शिवाय जुना पीएफ नव्या कंपनीत ट्रान्सफर केला तर करासाठी जुनी वर्षंही मोजली जातात.

दुसरी ग्रॅच्युइटी. भावड्या जिथं अडकला ती हीच. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी कायद्याने ती द्यावी लागते. आधी 1972 चा कायदा होता, आता 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. मूळ अट तशीच आहे: एकाच मालकाकडं सलग पाच वर्षं सेवा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. हिशोब सोपा आहे. शेवटचं वेतन, गुणिले 15, भागिले 26, गुणिले झालेली वर्षं. भावड्याचं वेतन 40,000 धरलं तर पाच वर्षांचे 1,15,385 होतात. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे तुमच्या कंपनीत नेमकं कुठलं वेतन धरतात ते एचआरला विचारून घ्या.

मग ते महिन्याचे 1,923 काय आहेत? 15 भागिले 26, परत भागिले 12, म्हणजे 4.81 टक्के. 40,000 चे 4.81 टक्के म्हणजे साधारण 1,923. तुमच्या सीटीसीत ही ओळ असेल, बघा. कंपनी ती तुमच्या पॅकेजमध्ये धरते. पण खरी गोष्ट ही आहे की दर महिन्याला 1,923 रुपये भावड्याच्या नावाने कुठंच जमा होत नाहीत. त्याच्या नावाचं खातं नाही, पासबुक नाही. ती फक्त अंदाजाची ओळ आहे.

मग पैसा असतो कुठं? बऱ्याच मोठ्या कंपन्या ग्रॅच्युइटीचा एक ट्रस्ट करतात किंवा एलआयसीसारख्या विमा कंपनीची ग्रुप योजना घेतात. सगळ्या कामगारांचा मिळून एकच हौद. दरवर्षी ॲक्चुअरी, म्हणजे विम्याच्या गणिताचा माणूस, अंदाज काढतो की यातले किती जण पाच वर्षं टिकतील, त्यांना पुढं किती द्यावे लागतील, आणि त्यासाठी आज हौदात किती पाणी पाहिजे. पोरं लवकर सोडून जातात हे त्या गणितात आधीच धरलेलं असतं. तुम्ही साडेचार वर्षांनी गेलात तर तुमच्यासाठी धरलेली रक्कम हौदातच राहते, आणि पुढच्या वर्षी कंपनीला तेवढं कमी भरावं लागतं. छोट्या कंपनीत हौदही नसतो. तिच्या हिशोबाच्या वहीतलं देणं तेवढं कमी होतं.

म्हणून अनव्हेस्टेड पैशाचं काय होतं, याचं एका वाक्यात उत्तर असं: तो हवेत जात नाही, मागं राहतो आणि कंपनीचा पुढचा खर्च हलका करतो.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या लोकांना हे जास्त उघड दिसतं. माझी कॉलेजची एक सीनियर टेक्सासमध्ये आहे. तिथं निवृत्तीचं खातं असतं, त्याला फोर-ओ-वन-के म्हणतात. आपण पगारातून घातलेला पैसा पहिल्या दिवसापासून शंभर टक्के आपला. पण कंपनी जी भर घालते, तिला पायऱ्या लावता येतात. तिच्या कंपनीत दोन वर्षांना 20 टक्के, तीनला 40, चारला 60, पाचला 80 आणि सहाला 100. तिथल्या कायद्यात अशा पायऱ्यांसाठी याहून सावकाश जाता येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे तीन वर्षांपर्यंत शून्य आणि मग एकदम शंभर.

ताईने चौथं वर्ष पुरं व्हायच्या दोन महिने आधी नोकरी बदलली. कंपनीची भर 12,000 डॉलर दिसत होती. पक्के झाले 40 टक्के, म्हणजे 4,800. उरलेले 7,200 स्क्रीनवर होते, पण तिचे नव्हते. ते त्या योजनेच्या वेगळ्या खात्यात गेले. त्यातून योजना चालवण्याचा खर्च भागवतात, कंपनीची पुढची भर कमी करतात किंवा राहिलेल्या लोकांत वाटतात. ती मला म्हणाली, "मी रोज ॲप उघडून बॅलन्स बघायचे रे. त्याच्या खाली व्हेस्टेड बॅलन्स म्हणून वेगळी ओळ आहे, ती कधी बघितलीच नाही." तुमचं कुणी तिकडं असेल तर त्यांना ही एक ओळ बघायला सांगा.

तिला निदान स्क्रीनवर ओळ होती. आपल्या ग्रॅच्युइटीला तीही नाही. इथं आपणच कॅलेंडर घेऊन बसायचं. तर भावड्याकडं परत येऊ.

मी त्याला नऊ दिवस का म्हणालो? पाच वर्षं तर 1 ऑगस्ट 2026 ला पुरी होणार होती. कारण कायद्यात "सलग सेवा" कशाला म्हणायचं याचं वेगळं कलम आहे. बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं तर ते वर्ष सलग सेवेचं धरतात. जिथं आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस काम चालतं, तिथं 190 दिवस. याच आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये मेट्टूर बिअर्डसेलच्या खटल्यात असं धरलं की चार वर्षं पुरी आणि पाचव्या वर्षात 240 दिवस भरले, तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं झाली. बऱ्याच कंपन्या हे मानतात. सगळ्या मानत नाहीत, आणि सगळ्या न्यायालयांचं मतही एक नाही. म्हणजे हा रस्ता आहे, पण पूर्ण पाच वर्षांइतका पक्का नाही.

भावड्याचं पाचवं वर्ष 2 ऑगस्ट 2025 ला सुरू झालं. तिथून 240 वा दिवस 29 मार्च 2026. त्याचा शेवटचा दिवस 20 मार्च. नऊ दिवस कमी.

मग मी विचारलं, "या वर्षात बिनपगारी रजा किती घेतल्यास?" तो जरा थांबला. बहिणीच्या लग्नात आठ दिवस, रजा संपल्या होत्या म्हणून पगार कापला होता. साप्ताहिक सुट्टी आणि भरपगारी रजा या 240 मध्ये धरतात, पण बिनपगारी दिवस धरत नाहीत. म्हणजे तारीख आठ दिवस पुढं, 6 एप्रिल. नऊचे सतरा झाले.

आता पर्याय काय? इथं आम्ही चहाच्या टपरीवरच हिशोब मांडला. नवी नोकरी 15,000 जास्त देते. 1 ऑगस्टपर्यंत थांबला तर साधारण साडेचार महिने, म्हणजे नव्या पगारातले 65,000 च्या आसपास सोडावे लागतील, पण ग्रॅच्युइटीवर कुणी शंका घेणार नाही. अडचण अशी की नवी कंपनी साडेचार महिने थांबणार नव्हती. दुसरा पर्याय, शेवटचा दिवस 10 एप्रिल करून घ्यायचा. तीन आठवडे, म्हणजे साडेदहा हजारांचं नुकसान, आणि समोर 1,15,385. फक्त त्यात वादाचा थोडा धोका.

त्याने दुसरा पर्याय घेतला. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. राजीनामा कधी दिला याला महत्त्व नाही, नोटीसचे दिवसही सेवेतच मोजतात. महत्त्व आहे रिलीव्हिंगच्या तारखेला. म्हणून उलटंही होतं. तुम्ही तारखा बरोबर जुळवता, आणि नवी कंपनी म्हणते, "आम्ही नोटीसचे पैसे भरतो, तुम्ही पुढच्या सोमवारीच या." आपण खूश होतो. पण त्या बायआउटने रिलीव्हिंगची तारीख मागं सरकते आणि पाच वर्षं तिथंच तुटतात.

भावड्याने मॅनेजरला मेल केला की हँडओव्हरसाठी 10 एप्रिलपर्यंत थांबतो. मॅनेजरला बरंच झालं. नव्या कंपनीने 13 एप्रिलला जॉईन व्हायला होकार दिला. तरी शेवटच्या दिवशी एचआरने सांगितलंच, "सिस्टीममध्ये पाच वर्षं दिसत नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटी नाही." त्याने वाद घातला नाही. रीतसर लेखी अर्ज दिला, सोबत हजेरीचा आणि रजेचा तक्ता जोडला, 240 दिवसांचं कलम लिहिलं. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते, त्यानंतर व्याज लागतं. दिली नाही तर कामगार खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडं दाद मागता येते, त्यासाठी वकील लागतोच असं नाही. त्याला तिथवर जावं लागलं नाही. पंधरा दिवस मेलामेली झाली आणि पैसे आले. पण त्याच्याकडं हजेरीचा तक्ता होता म्हणून आले. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि लॉगिन दोन्ही जातं. तक्ता आणि पगाराच्या पावत्या त्याआधीच आपल्या मेलवर काढून ठेवायच्या.

आपल्याकडची बरीच पोरं चाकण-रांजणगावला ठराविक मुदतीच्या करारावर असतात. त्यांच्यासाठी संहितेत मोठा बदल आहे. कंपनीने थेट लेखी करार करून मुदतीवर घेतलं असेल, तर पाच वर्षांची अट नाही. सरकारने सांगितल्याप्रमाणे एका वर्षाच्या सेवेनंतर, केलेल्या काळाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. मात्र तुम्ही ठेकेदाराच्या पटावर असाल तर तो वेगळा प्रकार. म्हणून कागदावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते आधी वाचा.

आता तिसरं घड्याळ, पेन्शन. ईपीएस. इथं दहा वर्षं लागतात. पण ग्रॅच्युइटीचं घड्याळ कंपनीच्या भिंतीवर असतं, आणि पेन्शनचं तुमच्या मनगटावर. कंपनी बदलली तरी ते चालूच राहतं, जोवर तुम्ही स्वतः ते बंद करत नाही.

आधी बघा तुम्ही ईपीएसमध्ये आहात का. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला आणि तेव्हाच 15,000 पेक्षा जास्त पीएफ-वेतन असलेला माणूस यात येत नाही. त्याचा कंपनी-हिस्सा पूर्ण पीएफमध्येच जातो. भावड्या आणि मी यात नाही. पण माझा मावसभाऊ आहे. 2013 मध्ये भोसरीत ऑपरेटर म्हणून लागला. त्याच्या कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात. वेतनाची मर्यादा 15,000, म्हणून आज जास्तीत जास्त महिन्याला 1,250.

चार वर्षांनी त्याने कंपनी बदलली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून पीएफसोबत पेन्शनचाही फॉर्म भरून पैसे काढले. दहा वर्षांच्या आत काढलं तर काय मिळतं? झालेल्या महिन्यांप्रमाणे एक तक्ता असतो. जितकी वर्षं, साधारण तितक्या महिन्यांचं वेतन, तेही मर्यादेतलं. आता 1,250 गुणिले 12 किती? 15,000. म्हणजे एका वर्षात जेवढं गेलं, जवळपास तेवढंच परत. इतक्या वर्षांचं व्याज जवळजवळ नाहीच. आणि घड्याळ शून्यावर.

त्याने काढलं नसतं तर? दहा वर्षं झाली की 58 व्या वर्षापासून आयुष्यभर पेन्शनचा हक्क पक्का होतो. सूत्र: पेन्शनपात्र वेतन, गुणिले वर्षं, भागिले 70. 15,000 वर दहा वर्षांचे महिन्याला 2,143. रक्कम लहान आहे, खोटं बोलत नाही. पण मरेपर्यंत आहे, आणि मागं बायकोलाही त्यातला वाटा आहे. मधे नोकरी सुटली आणि नवी लगेच नसली, तर त्याच फॉर्ममध्ये पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. त्याने झालेली वर्षं जपून राहतात, पुढच्या नोकरीत जोडता येतात.

हे सगळं मोबाईलवरही बघता येतं. पीएफच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून `View` मध्ये `Service History` उघडा. प्रत्येक कंपनीची सुरुवातीची आणि सोडल्याची तारीख तिथं दिसते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर ट्रान्सफर अडकतो, तो आधी दुरुस्त करून घ्या. नोकरी बदलल्यावर `Online Services` मधून `One Member - One EPF Account` ची विनंती टाका. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात `Pension Contribution` च्या रकान्यात जुने पैसे दिसत नाहीत, तेव्हा घाबरू नका. पेन्शनमध्ये सेवेची वर्षं पुढं जातात. पेन्शन वर्षांवर ठरते, साठलेल्या रकमेवर नाही.

आणि `Form-10C` दाबण्याआधी दहापर्यंत मोजा. शब्दशः. झालेली वर्षं मोजा.

मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, मग आता माझी किती झाली?" दुसऱ्या कंपनीपासून मोजली तर आठ. "दोन वर्षं राहिली," मी म्हणालो. "कंपनी बदलायची तर बदल. पण आता पेन्शनला हात लावू नको."

पुढच्या भागात भेटू. तुमची जॉईन झाल्याची तारीख आज रात्री शोधून ठेवा.